दोघांची होडी: एका सोप्या उत्तरामागचा इतिहास

लीटकोड या संकेतस्थळावर 2018 पासून 881 क्रमांकाचे एक कोडे आहे. माणसांची वजने दिलेली आहेत, प्रत्येक होडीची भारमर्यादा सारखीच आहे आणि एका होडीत जास्तीत जास्त दोघे बसू शकतात. तर सर्वांना एकाच खेपेत नेण्यासाठी किमान किती होड्या लागतील? माणसे 50,000 पर्यंत आणि मर्यादा 30,000 पर्यंत असू शकते. वजने चढत्या क्रमाने लावून दोन्ही टोकांकडून आत सरकत जोड्या लावल्या की उत्तर मिळते. ही रीत बहुतेकांना तोंडपाठ असते. पण हेच कोडे ज्या कुळातले आहे, त्यातली बाकीची कोडी इतकी अवघड का, हे क्वचितच सांगितले जाते.

होडी आणि वजनाची सांगड जुनी आहे. आठव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या यॉर्कच्या ॲल्क्विनच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या लॅटिन कोड्यांच्या संग्रहात, प्रत्येकी गाडाभर वजनाचे नवराबायको आणि दोघे मिळून तेवढ्याच वजनाची दोन मुले, एक गाडाभरच वजन पेलणाऱ्या होडीतून नदी कशी ओलांडतील, असा प्रश्न आहे. तिथे मात्र एकच होडी फिरून परत येते, म्हणून कस खेपांच्या क्रमाचा लागतो. आजच्या कोड्याचे खरे घराणे पेट्या भरण्याच्या प्रश्नाचे आहे, म्हणजे ठरावीक मापाच्या कमीत कमी पेट्यांत सगळ्या वस्तू बसवण्याचे.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास 1970 च्या दशकाच्या आरंभी झाला. गॅरी, ग्रॅहम आणि उल्मन यांनी 1972 मध्ये संगणकाच्या स्मृतीचे वाटप डोळ्यांपुढे ठेवून त्यावर लिहिले, आणि डेव्हिड जॉन्सन यांनी 1973 च्या आपल्या प्रबंधात जवळपास उत्तम उत्तरे देणाऱ्या रीती तपासल्या. नेमके उत्तर देणारी वेगवान रीत मात्र कोणालाच मिळाली नाही, आणि रिचर्ड कार्प यांच्या 1972 च्या निबंधानंतर ती का मिळत नाही याचेही भान आले, कारण वस्तूंचे दोन समभार गट पाडणे हेच त्यांच्या अवघड प्रश्नांच्या यादीत होते. पुढे 1975 मध्ये क्राउझे, शेन आणि श्वेटमन यांनी एका पेटीत किती वस्तू ठेवायच्या यावरही मर्यादा घातली. एकाच वेळी अनेक कामे चालवणाऱ्या संगणकात किती कामे एकत्र बसतील, ही त्यांची व्यावहारिक गरज होती.

संख्येची ही मर्यादा दोनवर आणली की प्रश्नाचे रूपच पालटते. ज्या दोघांचे वजन मिळून मर्यादेत बसते त्यांना रेघेने जोडले, तर उरते ते जास्तीत जास्त जोड्या लावण्याचे काम, आणि ते वाजवी वेळात होते हे जॅक एडमंड्स यांनी 1965 मध्येच दाखवले होते. त्यांच्या मूळ रीतीत मात्र श्रम माणसांच्या संख्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतात, म्हणून 50,000 माणसांपुढे ती चालत नाही. इथे आपल्या मदतीला एक साधी गोष्ट येते: जडाबरोबर जो बसू शकतो, तो त्या जडाहून हलक्या कोणाबरोबरही बसू शकतो. माझ्या मते या कोड्याचा सारा जीव या एका वाक्यात आहे.

सर्वांत जड माणूस सर्वांत हलक्याबरोबर मावत नसेल, तर तो कोणाबरोबरच मावणार नाही. त्याला एकट्याची होडी द्यावीच लागते. तो मावत असेल, आणि एखाद्या उत्तम रचनेत जडाचा जोडीदार क आणि हलक्याचा जोडीदार ख असेल, तर जड व हलका एकत्र आणि क व ख एकत्र बसवावेत. ख हा जडाहून अधिक वजनाचा नाही, म्हणून क आणि जड जिथे मावले तिथे क आणि ख मावणारच, आणि होड्या वाढत नाहीत.

समजा, मर्यादा 100 आहे आणि वजने 40, 45, 55, 60, 70, 95 आहेत. 95 आणि 40 मावत नाहीत, म्हणून 95 एकटा. 70 आणि 40 चे 110 होतात, म्हणून 70 ही एकटा. मग 60 आणि 40, शेवटी 55 आणि 45 बरोबर शंभरात बसतात. होड्या चार. याऐवजी हलक्या बाजूने शेजाऱ्या-शेजाऱ्यांना जोडत गेलो, तर 40 आणि 45 एकत्र जातात, उरलेले चौघे एकेकटे पडतात आणि होड्या पाच होतात.

```python
w.sort()
i, j, b = 0, len(w) - 1, 0
while i <= j:
    if w[i] + w[j] <= limit:
        i += 1
    j -= 1
    b += 1
```

चूक बहुधा `i <= j` मध्ये होते. तिथे `i < j` लिहिले, तर शेवटी मधोमध एकटा उरलेला माणूस मोजलाच जात नाही. एकाच माणसाची यादी दिली की उत्तर शून्य येते आणि चूक लगेच पकडली जाते. बेरजेच्या तुलनेत `<=` ऐवजी `<` पडले, तर वरच्या उदाहरणात शंभरच्या दोन्ही जोड्या तुटतात, फक्त 55 आणि 40 एकत्र जातात आणि होड्या पाच होतात.

होडीत तिघांना बसू दिले की मात्र ही रीत कोसळते. मर्यादा 12 आणि वजने 2, 3, 4, 4, 5, 6 घ्या. जडाबरोबर सर्वांत हलके दोघे बसवले, तर 6, 2, 3 एका होडीत जातात. उरलेल्या 4, 4, 5 चे 13 होतात, म्हणून आणखी दोन होड्या लागतात. पण 6, 4, 2 आणि 5, 4, 3 असे बसवले तर दोनच पुरतात. तिघांच्या नेमक्या गटांचा हा प्रश्न तर गॅरी आणि जॉन्सन यांनी 1975 मध्ये अवघड प्रश्नांच्या वर्गात बसवला आहे.