पार्श्वभूमी: अपविंड पद्धतीतले कृत्रिम विसरण नेमके किती?

अ‍ॅडव्हेक्शन समीकरण, म्हणजे एखादी राशी प्रवाहाबरोबर कशी वाहत जाते ते सांगणारे समीकरण, सोडवताना जिकडून प्रवाह येतो त्या बाजूच्या सेलची किंमत घ्यायची, ही अपविंड पद्धत १९५२ साली हायपरबोलिक समीकरणांवरच्या एका शोधनिबंधातून रूढ झाली. तिच्याबरोबर सतत घेतली जाणारी CFL अट, म्हणजे टाइम-स्टेपच्या लांबीवरची मर्यादा, त्याहून २४ वर्षे जुनी आहे. १९२८ सालच्या ज्या जर्मन लेखात ती प्रथम आली, त्याचा हेतू संगणनाचा नव्हता. कूरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी या तीन गणितज्ञांना ग्रिडवर मांडलेल्या डिफरन्स समीकरणांच्या आधारे मूळ समीकरणांना उत्तर असतेच हे सिद्ध करायचे होते. ग्रिड बारीक करत नेल्यावर उत्तर मूळ उत्तराकडे जायचे असेल, तर ज्या बिंदूंवर खरे उत्तर अवलंबून आहे ते सगळे ग्रिडच्या आवाक्यात असले पाहिजेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोठी गणिते प्रत्यक्ष मांडायची वेळ आली, तेव्हा या अटीकडे व्यवहारी नजरेने पाहिले जाऊ लागले. त्या लेखाची इंग्रजी आवृत्ती तर १९६७ साली आली.

ही अट आवश्यक आहे, पुरेशी नाही, हे पुष्कळदा निसटते. पुढचा टाइम-स्टेप साध्या फरकाने आणि अवकाशातला फरक सेंट्रल, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सेलवरून, घेतला, तर कूरांट अंक `C = uΔt/Δx`, म्हणजे एका टाइम-स्टेपमध्ये प्रवाह किती सेल पुढे जातो तो आकडा, कितीही लहान ठेवा, शुद्ध अ‍ॅडव्हेक्शनचे उत्तर फुटतेच. अपविंडला मात्र `0 ≤ C ≤ 1` एवढे पुरते. `C` १.१ ठेवला तर काय होते ते सर्वांत आखूड लाटेवर पाहावे, म्हणजे दर सेलला चिन्ह बदलणाऱ्या लाटेवर. दर पावलाला तिला `1 − 2C` ने, म्हणजे −१.२ ने गुणले जाते. शंभर पावलांत ती ८ कोटी पटींहून अधिक वाढते. पडद्यावर दिसणारे करवतीसारखे दात ते हेच. ते दिसले की टाइम-स्टेप मोठा झालाय हे लगेच कळते, म्हणून ही चूक फारशी घातक ठरत नाही. खरी अडचण `C` एकाहून लहान असताना येते. तेव्हा उत्तर गुळगुळीत, शहाणे दिसते आणि तरीही चुकीचे असू शकते.

त्या चुकीचे माप मिळाले ते १९६० च्या दशकाच्या शेवटी. डिफरन्स समीकरणातल्या प्रत्येक पदाचा टेलर विस्तार करून, आपण प्रत्यक्षात कोणते समीकरण सोडवतो आहोत ते लिहून काढायचे, अशी ती रीत. १९७४ साली तिला पक्के रूप आले. अपविंडसाठी तिने जे सांगितले ते आज कुठल्याही वर्गात फळ्यावर दिसते:

```
φ_t + u φ_x = D φ_xx
D = (uΔx/2)(1 − C)
```

इथे `φ` ही वाहणारी राशी आणि `D` हे विसरणाचे, म्हणजे ती राशी पसरत जाण्याचे, माप. म्हणजे समीकरणात न लिहिलेले विसरण पद्धतीने आपणहून घातले. एक उदाहरण घेऊ. वेग सेकंदाला १ मीटर, सेलची रुंदी ०.०१ मीटर, टाइम-स्टेप ०.००५ सेकंद, म्हणून `C` ०.५. एकाच सेलमध्ये किंमत १ आणि बाकी सगळीकडे शून्य अशी सुरुवात करू. खरे उत्तर अर्धा मीटर पुढे सरकलेले तेच टोक. अपविंडमध्ये प्रत्येक पावलाला सेलमधला अर्धा माल पुढे जातो आणि अर्धा मागे राहतो, त्यामुळे शंभर पावलांनंतर नाणेफेकीच्या गणितासारखीच वाटणी मिळते. टोकाची उंची १ वरून ०.०८ वर येते आणि पसरटपणा, म्हणजे प्रमाण विचलन, बरोबर पाच सेलचे होते. सूत्रही तेच सांगते. `D` ०.००२५ येतो, आणि अर्ध्या सेकंदात `√(2Dt)` म्हणजे ०.०५ मीटर, पाच सेलच.

आता अचूकता वाढवायची म्हणून टाइम-स्टेप पाच पटीने कमी करू. `C` ०.१ होतो, पावले पाचशे लागतात आणि टोक आणखी बसते: उंची सुमारे ०.०६, पसरटपणा ६.७ सेल. काम पाचपट आणि उत्तर आधीपेक्षा वाईट. `C` बरोबर १ ठेवला तर मात्र टोक जसेच्या तसे सरकते, कारण `1 − C` शून्य होतो. नवशिक्याला हे उलटे वाटते, पण काळातल्या आणि अवकाशातल्या चुका इथे एकमेकींना खोडतात, हे सूत्रातच दिसते आहे.

इथपर्यंत कुणाचे दुमत नव्हते. वाद सुरू झाला तो स्थिर प्रवाहांवरून, म्हणजे काळानुसार न बदलणाऱ्या उत्तरांवरून. त्या काळी असे उत्तर काढायची रूढ वाट म्हणजे कुठल्यातरी अंदाजापासून सुरू करून काळात पावले टाकत जायचे आणि किंमती बदलायच्या थांबल्या की थांबायचे. मग `C` एकाच्या जवळ ठेवला की कृत्रिम विसरण जवळपास नाहीसे होते, असा समज सहज होई. सूत्र समोर होतेच. १९७२ साली एका छोट्या लेखाने याला हरकत घेतली. त्यात म्हटले होते, की एकाच पद्धतीच्या कृत्रिम श्यानतेला, म्हणजे याच कृत्रिम विसरणाला, दोन वेगळी उत्तरे आहेत. काळानुसार बदलणाऱ्या प्रवाहात ते `(uΔx/2)(1 − C)` आहे, आणि स्थिर उत्तरात ते `uΔx/2` आहे. `C` चा त्यात मागमूस नाही.

हे का, ते मांडायला फारसे गणित लागत नाही. अपविंड फरक म्हणजे सेंट्रल फरक आणि त्यात मिसळलेले `uΔx/2` इतके विसरण. ही टेलर विस्ताराची तडजोड नाही, बीजगणितातली समानता आहे. या विसरणातून `C` च्या प्रमाणात जी वजाबाकी होते ती काळातल्या फरकामुळे होते. पुढच्या पावलाच्या साध्या फरकात `φ_tt` ची चूक दडलेली असते, आणि शुद्ध अ‍ॅडव्हेक्शनमध्ये `φ_tt` म्हणजे `u²φ_xx`, म्हणून ती उणे विसरणासारखी वागते. उत्तर स्थिर झाले की `φ_tt` शून्य. वजा करायलाच काही उरत नाही. शिवाय स्थिर झालेल्या डिफरन्स समीकरणात `Δt` नावाचे अक्षरच राहत नाही, मग उत्तर त्यावर अवलंबून असेल कसे? माझ्या मते हा युक्तिवाद तेव्हाच निर्णायक होता. तरीही `1 − C` चे सूत्र स्थिर प्रवाहांना लावण्याची सवय बरीच वर्षे टिकली.

दुसऱ्या बाजूकडेही वजनदार मुद्दा होता, आणि तो नीट सांगितला पाहिजे. अभियांत्रिकीत तेव्हा वापरली जाणारी ग्रिड जाड होती. `Γ` हे खरे विसरण धरले, तर सेलचा पेक्ले अंक `uΔx/Γ`, म्हणजे वाहून जाणे आणि पसरणे यांचे गुणोत्तर, दोनच्या वर गेला की सेंट्रल पद्धतीत खोट्या लाटा उठत. एकाच दिशेच्या, दोन्ही टोकांना किंमत बांधलेल्या स्थिर गणिताचे नेमके उत्तर घातांकी असते. पेक्ले अंक मोठा असेल तर ते जवळपास सगळीकडे सपाट आणि बाहेर पडण्याच्या टोकाशी एकदम चढणारे. जाड ग्रिडवर अपविंड त्या सपाट भागाची किंमत बरोबर देते, सेंट्रल देत नाही. म्हणून टेलर विस्तारावरून अपविंडला दोष देणे गैर आहे, असे तिच्या बाजूचे लोक म्हणत. एका दिशेपुरते ते खरेही आहे.

ग्रिडला तिरक्या जाणाऱ्या प्रवाहात मात्र हा बचाव कोसळतो. चौकोनी सेलच्या ग्रिडवर ४५ अंशांनी जाणारा प्रवाह घ्या. कर्णाच्या एका बाजूला तापमान १, दुसऱ्या बाजूला शून्य, खरे विसरण नाही. खऱ्या उत्तरात कर्णावर धारदार रेघ असायला हवी. अपविंडमध्ये प्रवाहाला आडव्या दिशेचे विसरण `0.35 UΔx` इतके येते. वेग १ मीटर प्रति सेकंद आणि सेल १ सेंटीमीटरचा असेल तर हे ०.००३५ चौरस मीटर प्रति सेकंद. पाण्याची श्यानता याच्या सुमारे साडेतीन हजारावा भाग असते. एक मीटर अंतर कापेपर्यंत ती रेघ ८ सेंटीमीटर पसरटपणाच्या पट्ट्यात बदलते, आणि टाइम-स्टेप काहीही निवडला तरी हा पट्टा तसूभरही हलत नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे आकडे छापून आले होते. त्यानंतरही अपविंडवर काढलेले स्थिर प्रवाह प्रयोगाशी जुळतात असे निबंध येत राहिले. कितीतरी ठिकाणी ते जुळणे टर्ब्युलन्स मॉडेलमुळे होते की ग्रिडच्या विसरणामुळे, हे वेगळे काढलेलेच नव्हते.

अखेर एका अमेरिकी अभियांत्रिकी नियतकालिकाने १९८६ साली ठरवले, की ग्रिडची चूक पद्धतशीर तपासल्याशिवाय निबंध छापायचा नाही. १९९३ च्या नियमांत त्याने अवकाशात किमान दुसऱ्या दर्जाची, म्हणजे सेल अर्धा केला की चूक चौथाई व्हावी अशी, अचूकता मागितली. यावर नाराजी झाली, कारण गुंतागुंतीच्या प्रवाहांवर अपविंड हीच तेव्हा न कोसळणारी पद्धत होती. तरी मला तो निर्णय योग्य वाटतो. स्थिर उत्तरातले `uΔx/2` लपवणे सोपे असते. नियमामुळे निदान ते मोजावे लागले.

दुसऱ्या दर्जाकडे जायचा मार्ग तोवर तयार झाला होता. नवे उंचवटे आणि खड्डे निर्माण न करणारी रेषीय पद्धत पहिल्या दर्जाच्या पुढे जाऊ शकत नाही, हे १९५९ सालीच सिद्ध झाले होते. त्यामुळे १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या पद्धतींनी रेषीयपणा सोडला. सपाट भागात उच्च दर्जाचा फरक आणि चढ तीव्र असेल तिथे चढाला मर्यादा घालणाऱ्या लिमिटरच्या जोरावर अपविंडकडे परतणे, ही आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरमधली रीत तिथूनच आली. लिमिटर शिखरावर अपविंडच होतो, म्हणून टोके थोडी कापली जातात. पण पट्टा पूर्वीइतका पसरत नाही.

आजही गणित सुरू करताना पहिल्या काहीशे पुनरावृत्ती अपविंडवर चालवून मग पद्धत बदलण्याची प्रथा आहे. टर्ब्युलन्सच्या राशींना तर पुष्कळदा शेवटपर्यंत तीच ठेवली जाते. OpenFOAM या सॉफ्टवेअरमध्ये ती ओळ अशी दिसते:

```
div(phi,k)   bounded Gauss upwind;
```

अशा उत्तरात ग्रिडचा वाटा किती, ते दोन चाचण्यांनी कळते. सेलची रुंदी चौथाई करा; मिश्रणाचा पट्टा अर्धा झाला तर तो ग्रिडने घातलेला आहे, कारण पसरटपणा `Δx` च्या वर्गमुळाने बदलतो. आणि श्यानता दहापट कमी करा; चित्र तसेच राहिले, तर आपण टाकलेल्या श्यानतेने तिथे काही केलेच नव्हते. `Δt` बदलून पाहण्याचा मात्र स्थिर प्रवाहात काही उपयोग नाही. उत्तर तेच येते, आणि ते तेच आले म्हणून ते बरोबर आहे असे होत नाही.