ब्लूटूथ हेडसेटमधील प्रोफाइलबदल व आवाजाची घसरण

हेडफोनवर गाणे चालू असताना कॉल घेतला की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, त्यामागे ब्लूटूथमधील दोन वेगळ्या प्रोफाइलांमधील अदलाबदल असते. संगीत ए-टू-डीपी या प्रोफाइलवरून येते. तो स्टिरिओ असला तरी एकतर्फी आहे. हेडसेटच्या मायक्रोफोनचा आवाज परत नेण्याची सोय त्यात नाही. म्हणून मायक्रोफोन लागताच उपकरण एचएफपी या दुतर्फी प्रोफाइलवर जाते.

एचएफपीचा मूळ कोडेक, म्हणजे आवाज बिटांत बांधण्याची व पुन्हा उलगडण्याची पद्धत, सीव्हीएसडी. त्याची मूळ कल्पना साधारणतः 1970 ची मानली जाते, म्हणजे ब्लूटूथच्या पुष्कळ आधीची. त्यात आवाज सेकंदाला 64,000 एकेरी बिटांत उतरतो आणि प्रत्येक बिट लहर चढली की उतरली एवढेच सांगतो. एखादा बिट बिघडला तरी बोलणे समजते. मात्र ब्लूटूथमध्ये त्याच्याकडे येणारा आवाज 8 किलोहर्ट्झवर नमुनित, म्हणजे सेकंदाला 8,000 वेळा मोजलेला असतो. नमुन्यांच्या दराच्या निम्म्यापर्यंतच्याच लहरी टिकत असल्याने 4 किलोहर्ट्झच्या वरचे काहीच पोहोचत नाही. टेलिफोनच्या रिवाजानुसार खालचा खर्जही बहुधा छाटलेला असतो. ‘स’चा बराचसा जोर 4 किलोहर्ट्झच्या वरच्या, गळालेल्या भागात असल्याने तो ‘फ’सारखा ऐकू येतो. स्टिरिओही उरत नाही.

दोष रेडिओच्या अपुऱ्या क्षमतेचा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते पुरे पडत नाही. कॉलसाठी राखीव असणाऱ्या एससीओ दुव्याच्या नेहमीच्या प्रकारात 3.75 मिलिसेकंदांत 30 बाइट जातात, म्हणजे सेकंदाला 64 किलोबिट, आणि तेवढेच परत येतात. एवढ्याने रेडिओचा सुमारे एक-तृतीयांश वेळच व्यापतो. शिवाय 2011 च्या एचएफपी 1.6 मध्ये आलेला एमएसबीसी कोडेक जवळपास तेवढ्याच बिटांत 16 किलोहर्ट्झचे नमुने बसवतो. तेव्हा कारण मुख्यतः टेलिफोनकडून आलेल्या वारशात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. एमएसबीसीसाठी मात्र दोन्ही टोकांचा पाठिंबा लागतो. एक टोक जुने निघाले की जोडणी मुकाट्याने सीव्हीएसडीवर येते.

लिनक्सवर हा बदल थेट पाहता येतो. गाणे चालू असताना

```
pactl list cards
```

ही आज्ञा दिल्यास सक्रिय प्रोफाइल `a2dp-sink` दिसतो. मीटिंगमध्ये हेडसेटचा मायक्रोफोन लागला की बहुधा `headset-head-unit`. मीटिंगच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचाच निवडला आणि हेडसेट पुन्हा पहिल्या प्रोफाइलवर आणला, तर ऐकू येणारा आवाज भरदार होतो. आपला आवाज मग लॅपटॉपच्या मायक्रोफोनमधून, खोलीच्या गोंगाटासह जातो. समोरच्याचा आवाज तरीही पातळच राहिला, तर दोष त्याच्या बाजूच्या मायक्रोफोनमध्ये किंवा नेटवर्कमध्ये असण्याचा संभव आहे.

ब्लूटूथच्याच एलई ऑडिओ या नव्या व्यवस्थेत एलसी-3 कोडेक संगीत व संभाषण दोन्हींना वापरला जातो, पण फोन आणि हेडसेट दोन्ही त्या व्यवस्थेचे असावे लागतात.