अहमदाबाद एका दिवसात: पोळ, बाजार आणि वाव यांमागचा काळ

जुन्या अहमदाबादेत दिवसभर फिरायचे तर काळ उलटा लागतो. सकाळी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिराशी म्हणजे 1822 मध्ये उभे राहायचे, दुपारी माणेक चौक ओलांडायचा आणि शेवटी तटाबाहेर असारव्याच्या वावेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, पंधराव्या शतकात आणि त्याहूनही खाली उतरायचे. सुलतान अहमदशहाने 1411 मध्ये शहर वसवले, हे सर्वांना ठाऊक असते. पण आज जे डोळ्यांना दिसते त्याची घडण बरीचशी नंतरची, विशेषतः अठराव्या शतकातली आणि एकोणिसाव्याच्या पहिल्या काही वर्षांतली आहे.

आधी शब्दाचा घोळ. मराठी माणसाला ‘पोळ’ म्हटले की देवाला सोडलेला बैल आठवतो. गुजरातीतल्या पोळेचा त्याच्याशी संबंध नाही. तो शब्द ‘प्रतोली’वरून आला, म्हणजे वेशीचा दरवाजा. दरवाज्याला म्हणायचे ते नाव पुढे त्याच्या आतल्या सगळ्या वस्तीला पडले. एक तोंड, आत एकमेकांना खेटलेली लाकडी घरे, चौकात पक्ष्यांसाठी चबुतरा, रात्री बंद होणारे दार. बऱ्याच घरांच्या चौकाच्या फरशीखाली टाके असते. छपरावरचे पावसाचे पाणी त्यात उतरे आणि पुढे महिनोन् महिने पिण्याला पुरे. फरशीत दगडी झाकण दिसले की खाली टाके आहे असे समजावे. मुघल सत्ता ढिली पडली तेव्हा शहराबाहेरच्या फौजांइतकीच शहरातल्या दंग्यांचीही भीती होती, आणि त्या काळात या बंद दारांना खरी किंमत आली.

आता ज्याबद्दल फलकांवर दोनच ओळी असतात तो भाग. 1753 मध्ये पेशव्यांच्या आणि गायकवाडांच्या फौजांनी मिळून शहर घेतले. मधे ते हातचे गेले, 1758 मध्ये परत आले. मग त्याचे दोन वाटे पडले. भद्रच्या किल्ल्यात पेशव्यांची माणसे आणि नैऋत्य कोपऱ्यातल्या हवेलीत गायकवाडांची, तीच आजची ‘गायकवाड हवेली’. महसूलही वाटून. एका शहराला दोन धनी असले की हिशेबाचे भांडण कधी मिटत नाही. पुढे पेशव्यांनी आपला हिस्सा गायकवाडांना इजाऱ्याने दिला. ठरलेली रक्कम भरायची आणि वसुली स्वतः करायची, असा तो व्यवहार. 1814 मध्ये मुदत संपली आणि पुण्याने तो वाढवून दिला नाही. बोलणी करायला बडोद्याहून आलेल्या वकिलाचा 1815 मध्ये पंढरपुरात खून झाला. त्यातून चिघळलेल्या प्रकरणाचा शेवट 1817 च्या पुणे तहात झाला आणि त्यानंतर लवकरच अहमदाबाद इंग्रजांकडे गेले. पेशवाई बुडण्याची कारणे सांगताना हा इजारा एका वाक्यात उरकतात, माझ्या मते अन्यायाने.

भद्रच्या किल्ल्यासमोर ‘तीन दरवाजा’ नावाची जुनी वेस आहे, तिच्या खांबावर याच काळातला, 1812 चा देवनागरी शिलालेख आहे. मराठी सुभेदाराने तो कोरवला. मुलीला बापाच्या मालमत्तेतला तिचा वाटा विनाअडथळा मिळावा, मोडेल त्याने हिंदू असेल तर महादेवाला आणि मुसलमान असेल तर अल्लाला जबाब द्यावा, असा त्याचा आशय. फिरवणारे लोक याला ‘स्त्रियांना समान हक्क देणारा हुकूम’ म्हणतात. मला ते ताणलेले वाटते. मजकूर रास्त वाट्याबद्दल बोलतो, भावाइतक्या वाट्याबद्दल नाही. तरीही भर बाजाराच्या तोंडाशी तो कोरावा लागला, त्याअर्थी वाटा अडवणारे थोडे नसावेत.

माणेक चौकाची वेळ पाहून जावे. सकाळी गाईंना चारा, दिवसा सराफी, रात्री खाण्याच्या गाड्या. जागा तीच, फरसबंदी तीच. पश्चिमेला अहमदशहाची कबर, पूर्वेला त्याच्या राण्यांची आणि मधे सगळा व्यापार.

असारव्याची दादा हरीरची वाव मात्र सकाळ संपायच्या आत गाठावी, नाहीतर खालचे मजले अंधारातच राहतात. म्हणजे वर सांगितलेला क्रम इथे मोडतो, आणि सोयीसाठी वावेपासूनच दिवस सुरू करणारेही आहेत. नावातले ‘दादा’ फसवे आहे. बांधणारी होती नंतरचा सुलतान महमूद बेगडा याच्या राणीवशावर देखरेख करणारी एक बाई. भिंतीत संस्कृत आणि अरबी असे दोन लेख आहेत. संस्कृत लेखात संवत 1556, म्हणजे 1499 च्या आसपासचा काळ. आपल्याकडच्या बारवांत उतरलेल्यांना रचना ओळखीची वाटेल, फक्त इथे पायऱ्यांच्या वाटेवर टप्प्याटप्प्याने खांबांचे मजले चढवलेले आहेत.

तिच्या जवळच माता भवानीची वाव आहे. ती अकराव्या शतकातली, म्हणजे शहरापेक्षा तीन शतकांहून अधिक जुनी. तळाशी आता पाणी नाही, देवीचे ठाणे आहे आणि तिथे रोज पूजा होते.