लुटेशियम थेरपी झाल्यावर घरी कधी सोडतात, आणि आमच्या मीटरवरचा आकडा काय सांगतो

थेरपीच्या दिवशी घरच्यांचा एक प्रश्न हमखास येतो, की सकाळी तर सगळे एप्रन-ग्लोव्हज घालून, शील्डिंगच्या आडून औषध देत होते आणि आता म्हणताय घेऊन जा घरी, हे कसं काय? प्रश्न अगदी बरोबर आहे. आमची छोटी फर्म न्यूक्लियर मेडिसिन विभागांसाठी रेडिएशन मोजायचं काम करते, डिस्चार्जच्या आधी मीटर घेऊन तुमच्यासमोर उभं राहतात ती माणसं आमचीच असतात, म्हणून हे उत्तर एकदा नीट लिहून द्यावं असं वाटलं. उपचार कसा करायचा ते डॉक्टर ठरवतात, इथे फक्त रेडिएशनचं बोलू.

तर औषध म्हणजे दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एक पेप्टाइड, जे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच्या पेशींवर असलेल्या सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टरला जाऊन चिकटतं, आणि त्याला जोडलेलं लुटेशियम-177, जे खरं काम करतं. लुटेशियममधून दोन प्रकारचं रेडिएशन निघतं आणि घरी सोडायचा सगळा हिशोब या दोघांच्या फरकावर उभा आहे. बीटा म्हणजे वेगाने सुटलेले इलेक्ट्रॉन. ते शरीरात फार लांब जातच नाहीत, बहुतेक मिलीमीटरच्या आतच थांबतात, अगदी लांब गेले तरी साधारण 2 मिलीमीटर. म्हणून ट्यूमरला मार बसतो आणि पेशंटशेजारी बसलेल्या माणसापर्यंत शरीरातला बीटा पोचतच नाही. गॅमा मात्र क्ष-किरणांसारखा शरीरातून आरपार बाहेर येतो. पण लुटेशियममध्ये तो कमी असतो. शंभर अणू फुटले तर 208 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा साधारण दहा वेळा निघतो आणि 113 चा सहा-एक वेळा. थायरॉइडसाठी जे रेडिओआयोडीन-131 देतात त्यात 364 चा गॅमा शंभरात ऐंशीच्या आसपास वेळा निघतो, म्हणजे संख्येने खूप जास्त आणि ताकदीनेही मोठा. आयोडीनवाल्या कुणा नातेवाइकाला तुम्ही कित्येक दिवस वेगळ्या खोलीत ठेवलेलं पाहिलं असेल तर तो अनुभव इथे जसाच्या तसा लावू नका.

हा थोडासा गॅमा उपयोगाचाही आहे बरं का. त्याच्याच जोरावर गॅमा कॅमेऱ्यात फोटो काढता येतो आणि औषध ट्यूमरमध्ये पोचलं का, किडनीत किती राहिलं, हे दिसतं. आणि आमचा मीटर वाचतो तोही हाच गॅमा.

आता एक केस आकड्यांसकट बघू. आकडे समजावण्यासाठी घेतलेत, तुमचे वेगळे येतील, पण साधारण याच पट्ट्यातले असतात. नेहमीचा डोस 7.4 गिगाबेकरेल, जुन्या मापात 200 मिलीक्युरी, असे सहसा चार डोस आठ-आठ आठवड्यांच्या अंतराने. औषध शिरेतून जायला अर्धा तास लागतो, पण त्याच्या अर्धा तास आधीपासून अमिनो अ‍ॅसिडचं सलाईन सुरू होतं (लायसिन आणि आर्जिनिन) आणि औषध संपल्यावरही निदान तीन तास चालू राहतं. किडनी हे पेप्टाइड परत शोषून घेते आणि धरून ठेवते, तसं होऊ नये म्हणून हे. उलटी-मळमळ होते ती पुष्कळदा या अमिनो अ‍ॅसिडमुळे, लुटेशियममुळे नाही, घाबरू नका फक्त नर्सला लगेच सांगा.

औषध संपल्या संपल्या, लघवीला जायच्या आधी, एक मीटर अंतरावरून मोजलं तर समजा 20 मायक्रोसीव्हर्ट दर तासाला दिसतंय, म्हणजे तिथे उभ्या माणसाला तासाला एवढं रेडिएशन लागेल. मग सलाईन आत जात राहतं, पेशंट दर थोड्या वेळाने टॉयलेटला जातो, आणि पाच तासांनी तोच मीटर, तेच अंतर, आकडा 11. अर्ध्याच्या जवळ आला. लुटेशियमचं स्वतःचं हाफ-लाइफ, म्हणजे ते आपोआप निम्मं व्हायला लागणारा वेळ, साडेसहा दिवसांच्या थोडं वर आहे, पाच तासांत ते आपोआप जेमतेम दोन टक्के कमी होतं, मग बाकीचं गेलं कुठे? लघवीतून गेलं. ट्यूमरला न चिकटलेलं औषध किडनी झपाट्याने बाहेर काढते, सरासरी बघितलं तर पहिल्या 5 तासांत 44 टक्के, 24 तासांत 58 टक्के आणि 48 तासांत 65 टक्के. म्हणजे जवळजवळ अर्धं औषध पहिल्या काही तासांतच बाहेर पडतं. तुम्हाला चार-सहा तास थांबवून ठेवतात त्याचं हे मोठं कारण, कारण तो सगळ्यात जास्त रेडिओअ‍ॅक्टिव्ह भाग घरच्या टॉयलेटमध्ये न जाता, तशी सोय केलेल्या टॉयलेटमध्ये जायला हवा.

मग 11 वर घरी सोडलं तर बायकोला, नवऱ्याला किती रेडिएशन लागेल? पहिला वेगवान टप्पा संपल्यावर शरीरातला साठा सावकाश कमी होतो, आपण धरू की दर 60 तासांनी निम्मा होतो (हाफ-लाइफ आणि लघवीतून जाणं, दोन्ही मिळून). एखादा माणूस औषध पूर्ण संपेपर्यंत रात्रंदिवस बरोबर एक मीटरवर बसला असं मानलं तर एकूण येतं 11 गुणिले 60 गुणिले 1.44, म्हणजे साधारण 950 मायक्रोसीव्हर्ट, एक मिलीसीव्हर्टच्या थोडं खाली. (1.44 हा आकडा घटत जाणारी गोष्ट शेवटपर्यंत बेरजेत धरताना येतो.) प्रत्यक्षात कुणी असं बसत नाही, दिवसाचा पाव भाग जवळ असतं असं धरलं तर 240 च्या आसपास. जनतेसाठी वर्षाची मर्यादा 1 मिलीसीव्हर्ट धरतात, आणि नैसर्गिक रेडिएशन जगभरात सरासरी वर्षाला 2.4 मिलीसीव्हर्ट असतं, त्याच्या शेजारी हे 240 मायक्रोसीव्हर्ट ठेवून बघा.

पण एक जागा अशी आहे जिथे हा हिशोब बिघडतो, ती म्हणजे पलंग. झोपेत अंतर अर्धा मीटर झालं की रेडिएशन चौपट होतं, आणि रोज आठ तास म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा. 950 गुणिले चार भागिले तीन, झालं 1270 च्या आसपास, नुसत्या झोपण्याने मर्यादा ओलांडली. (इतक्या जवळ हे चौपटचं गणित थोडं जास्तच दाखवतं कारण माणूस म्हणजे काही एक टिंब नाही, पण चूक सुरक्षित बाजूला होते म्हणून आम्ही तेच वापरतो.) तेच पहिले पाच दिवस वेगळं झोपलं तर तोवर साठा पाव झालेला असतो, आणि पुढच्या सगळ्या रात्री मिळून फक्त 320 च्या आसपास. कागदावर वेगळं झोपायला सांगतात ते एवढ्यासाठी. जेवायला एका टेबलावर बसलात, तब्येत विचारायला खोलीत गेलात, मिठी मारलीत, त्याने काहीही बिघडत नाही. लहान मुलांना मांडीवर घेऊन बसणं आणि गरोदर बाईने रोज शेजारी असणं मात्र जास्त दिवस टाळायचं, किती दिवस ते तुमच्या डिस्चार्ज पेपरवर तुमच्या रीडिंगप्रमाणे लिहिलेलं असेल.

हा 60 तासांचा आकडा सगळ्यांना लागू होत नाही हेही सांगायला हवं. किडनी मंद चालत असेल किंवा ट्यूमर खूप आणि मोठे असतील तर औषध जास्त काळ आत राहतं. अगदी लघवीतून काहीच जात नाही, नुसतं लुटेशियमचं 160 तासांचं हाफ-लाइफ, असं धरलं तर वरचे 950 होतात 2500 च्या पुढे. म्हणून शंका असेल तर दुसऱ्या दिवशी परत रीडिंग घ्यायला बोलावतात, प्लीज ते टाळू नका, त्या एका रीडिंगवरून तुमचा खरा वेग कळतो.

रीडिंग चुकतं कसं, तर सगळ्यात जास्त भरलेल्या ब्लॅडरमुळे. लघवी करून या म्हणून आम्ही दोनदा सांगतो त्याचं कारण तेच. शेजारी वापरलेली सलाईनची नळी किंवा युरिन बॅग राहिली तर तीही मोजली जाते. आणि कधी कधी औषध शिरेच्या बाहेर, हाताच्या मांसात उतरलेलं असतं, तेव्हा मीटर पोटाजवळ नेण्यापेक्षा हाताजवळ नेला की आकडा उडी मारतो. सुईच्या जागी दुखतंय, सुजलंय असं वाटलं तर आम्ही विचारायची वाट बघू नका.

नियम सगळीकडे सारखे नाहीत. अमेरिकेत दुसऱ्या कुणाला 5 मिलीसीव्हर्टपेक्षा जास्त लागणार नसेल तर सोडता येतं आणि 1 च्या वर जायची शक्यता असेल तर लेखी सूचना द्याव्या लागतात, म्हणून तिथे बहुतेक पेशंट त्याच दिवशी घरी जातात. जर्मनीत हीच थेरपी असेल तरी किमान 48 तास वॉर्डमध्ये राहावं लागतं. औषध तेच, फक्त मर्यादा आणि सांडपाण्याबद्दलची भूमिका वेगळी. आणि मीटर हो म्हणाला म्हणजे झालं असंही नाही. बीपी, चेहरा लालबुंद होणं, जुलाब, रक्तातलं पोटॅशियम हे डॉक्टरांनी बघून झाल्याशिवाय आमच्या आकड्याला काही अर्थ नाही.

घरी गेल्यावर खरी काळजी लघवीची घ्यायची, कारण शरीराच्या आत अडकलेला बीटा लघवीच्या थेंबातून बाहेर आला की थेट कातडीवर पडतो. पुरुषांनीही बसूनच लघवी करायची, झाकण लावून दोनदा फ्लश, हात साबणाने नीट. पाणी भरपूर प्या, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती ते डॉक्टरांना विचारून. लघवीवर ताबा नसेल किंवा कॅथेटर असेल तर हे घरी सोडायच्या आधीच बोलून घ्या, कारण मीटरवर 11 आला तरी डायपर आणि बॅगची सोय नसेल तर आम्ही थांबायलाच सांगू.

असे डायपर, ग्लोव्हज वेगळ्या पिशवीत बांधून विभागाने सांगितल्याप्रमाणे परत द्यायचे, नेहमीच्या कचऱ्यात नाही. दहा हाफ-लाइफ म्हणजे साधारण 67 दिवसांत लुटेशियम-177 हजाराव्या हिश्शावर येतं, पण काही पद्धतीने बनवलेल्या लुटेशियममध्ये लुटेशियम-177एम नावाचं भावंड अगदी थोडं मिसळलेलं असतं आणि त्याचं हाफ-लाइफ 160 दिवसांचं आहे, त्यामुळे दोन महिने झाले आता फेकूया असं स्वतःच ठरवू नका, पिशवी मोजूनच सोडायची असते. आणि विमानप्रवास असेल तर डिस्चार्ज पेपरची कॉपी जवळ ठेवा, एअरपोर्टचे डिटेक्टर इतके संवेदनशील असतात की घरच्यांना काहीही धोका उरलेला नसतानाही काही आठवड्यांनी ते वाजू शकतात.