पीएम किसानची ई-केवायसी आणि न येणारा ओटीपी

"फोन चालू आहे, रेंज आहे, तरी ओटीपी येत नाही" ही तक्रार सेतू केंद्रात रोजची. कर्मचारी "सर्व्हर डाऊन" म्हणून मोकळे होतात. कधी ते खरंही असतं, पण बहुतेक वेळा घोळ नंबरात किंवा सिममध्ये असतो.

ई-केवायसीला लागणारा आधारचा ओटीपी फक्त आधारला जोडलेल्या नंबरवर जातो; अर्जात कुठला नंबर लिहिलात याच्याशी त्याचा संबंध नाही. कोकणात हा नंबर पुष्कळदा मुंबईतल्या मुलाचा निघतो, किंवा कधीच बंद पडलेला. म्हणून आधी myaadhaar.uidai.gov.in वर "Check Aadhaar Validity" उघडून आधार क्रमांक टाका. जोडलेल्या नंबरचे शेवटचे तीन आकडे दिसतात. ते तुमचे नसतील तर फोन तपासण्यात वेळ घालवू नका. आधार केंद्रावर स्वतः जाऊन नंबर बदलून घ्या. त्यासाठी वेगळा कागद लागत नाही, बोटांचे ठसे लागतात.

आकडे जुळले, तर दुसऱ्या कुणाला तरी त्या नंबरवर साधा एसएमएस पाठवायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅप नको. ते वायफायवर चालतं, सिम बंद पडलं तरी चालू राहू शकतं, आणि माणसं तिथेच फसतात.

समजा राजापूरकडच्या एका काकूंच्या फोनवर हा साधा एसएमएसही आला नाही. मग फोन अर्धा मिनिट विमान मोडवर टाकून परत चालू करायचा, म्हणजे सिम टॉवरशी नव्याने जोडलं जातं. तरीही नाही आला, तर सिम दुसऱ्या फोनात घालून बघायचं. तिथे आला तर बहुधा काकूंच्या फोनात जागा भरली आहे: बटणाच्या फोनात इनबॉक्स, स्मार्टफोनमध्ये एकूण साठवण. जुने मेसेज आणि व्हिडिओ काढा. तिथेही नाही आला तर रिचार्ज बघा; पॅक संपून बरेच दिवस झाले की येणारे मेसेजही थांबतात. सिम नुकतंच बदललं असेल तर फसवणूक टाळण्यासाठी पहिले २४ तास एसएमएस बंदच ठेवतात. अशा वेळी दुसऱ्या दिवशी या.

साधा एसएमएस येतो, पण ओटीपी येत नाही? मेसेजच्या अ‍ॅपमध्ये "Spam & blocked" उघडा. जाहिरातींना कंटाळून कुणीतरी तो पाठवणाराच ब्लॉक केलेला असू शकतो.

आणि बटण पुन्हापुन्हा दाबू नका. पावसात नेटवर्क रेंगाळतं, तीन ओटीपी एकदम येतात आणि चालतो तो शेवटचाच. लोक वरचा पहिला टाकतात आणि "चुकीचा ओटीपी" वाचून घरी जातात. एकदा मागवा, दहा मिनिटं थांबा. खोऱ्यातल्या घरात रेंज एका काडीवर असेल तर फोन घेऊन सड्यावर जा.

नंबर बदलेपर्यंत हप्ता अडकू द्यायचा नसेल, तर पीएम किसानची ई-केवायसी सामायिक सेवा केंद्रात ठशावर किंवा पीएम किसानच्या अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवूनही होते. त्याला आधारचा ओटीपी लागत नाही, हे मात्र खिडकीवरचं कुणी आपणहून सांगत नाही.