दिव्यांग कर्मचाऱ्याचे फलाधारित कार्यमूल्यमापन

ठरलेल्या कालावधीत कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष कोणते काम पुरे केले आणि त्यासाठी लागणारी सोय कार्यालयाने केव्हा व कितपत पुरवली होती, या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून दिव्यांग कर्मचाऱ्याची प्रतवारी ठरवण्याची पद्धत. ‘दिसत नाही म्हणजे फायलींचा निपटारा जमणार नाही’ या गृहीतकाला या पद्धतीत जागा नाही, तशीच सहानुभूतीपोटी दिलेल्या चांगल्या शेऱ्यालाही नाही. कामाचा दर्जा सर्वांसाठी एकच राहतो. बदलते ती काम करण्याची रीत, साधन, वेळेची आखणी आणि क्वचित कामाची वाटणी. या नोंदीत मुख्यतः मराठवाड्यातील महसूल कार्यालयांतील लिपिकवर्गीय कामाचा विचार केला आहे.

उगम. या पद्धतीत दोन वेगळे प्रवाह एकत्र आले आहेत. कर्मचाऱ्याचा स्वभाव व गुण तोलण्याऐवजी आधी ठरवलेल्या उद्दिष्टांवर त्याचे काम मोजावे, हा विचार पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये मांडला. दुसरा प्रवाह ‘वाजवी सोय’ या कल्पनेचा असून तिच्या उगमाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. दोन महायुद्धांनंतर जायबंदी सैनिकांना कारखान्यांत सामावून घेताना यंत्रे व बैठका बदलण्यात आल्या, तेथे या कल्पनेचे मूळ आहे, असे काही जण मानतात. ब्रिटनने १९४४ च्या कायद्याने अपंगांना रोजगारात राखीव वाटा दिला, तो या मताच्या पुष्टीसाठी दाखवला जातो. मात्र वाटा राखून ठेवणे आणि मालकावर काम जुळवून देण्याचे बंधन घालणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या मतानुसार ही कल्पना अमेरिकेत धर्मपालनाच्या संदर्भात घडली. शनिवारी काम न करणाऱ्या धर्मीयांना पाळी बदलून देण्याचा प्रश्न १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील रोजगार समानता आयोगापुढे आला आणि १९७२ च्या दुरुस्तीने तो कायद्यात शिरला. अपंगत्वासंबंधीच्या १९७३ च्या कायद्याखाली १९७७ मध्ये नियम झाले, त्यांत हीच संज्ञा आली आणि १९९० च्या कायद्याने ती पक्की केली. ‘अवाजवी बोजा पडत नसेल तर’ ही अट दोन्हीकडे सारखीच असल्याने हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००६ च्या करारनाम्याने वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव ठरवला. भारताने तो १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थित केला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम २० शासकीय आस्थापनांवर अशी सोय पुरवण्याचे बंधन घालते आणि केवळ दिव्यांगत्वामुळे पदोन्नती नाकारण्यास मनाई करते. ही सोय त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे ठरली पाहिजे आणि तिच्यासाठी ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्राची पूर्वअट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग (२०२१) या निकालात स्पष्ट केले. प्रतवारीची रीत मात्र कायद्यात सांगितलेली नाही. ती कार्यालयाच्या रोजच्या नोंदींतूनच उभी करावी लागते.

मोजणीचा आधार. तहसील कार्यालयात यासाठी वेगळे प्रपत्र लागत नाही. कार्यविवरण नोंदवहीत दर आठवड्याची आरंभीची शिल्लक, नवी आवक, निपटारा व अखेरची शिल्लक लिहिलेली असते. सहा गठ्ठा पद्धतीमुळे निर्णयासाठी प्रलंबित प्रकरणे आणि दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहणारी प्रतीक्षाधीन प्रकरणे वेगळी राहतात. प्रतीक्षाधीन गठ्ठा कर्मचाऱ्याच्या शिलकीत धरू नये. हा नियम सर्वांसाठीच आहे, पण दिव्यांग कर्मचाऱ्याच्या बाबतीत तो विसरला जाण्याचे प्रमाण जास्त आहे, कारण टेबलावरचा उंच ढीग बघणाऱ्याच्या मनातल्या समजाला दुजोरा देतो.

या आकड्यांत दोन स्तंभ वाढवावे लागतात. कागद कोणत्या रूपात आला, हा पहिला. मागितलेली सोय कोणत्या तारखेला प्रत्यक्ष चालू झाली, हा दुसरा. हे दोन स्तंभ नसतील तर सोयीचा अभाव कर्मचाऱ्याच्या नावावर चढतो.

उदाहरण. एक काल्पनिक प्रकरण घेऊ. पूर्ण अंध महसूल सहायक १ एप्रिलला पत्रव्यवहाराच्या टेबलावर रुजू होतो. एप्रिल ते जून या तिमाहीत २४० पत्रे येतात व १३० निकाली निघतात, म्हणजे ५४ टक्के. याच टेबलावर आदल्या वर्षी, याच तिमाहीत दुसऱ्या कर्मचाऱ्याने २३६ पैकी २०५ निकाली काढलेली असतात, म्हणजे ८७ टक्के. प्रतिवेदन अधिकारी इथेच थांबला तर शेरा ठरलेला आहे.

आता कागदाच्या रूपानुसार फोड करू. संगणकावर युनिकोडमध्ये टंकलेली ९० पत्रे होती, त्यांतील ८२ निकाली निघाली. स्कॅन केलेली किंवा हस्तलिखित १५० होती, त्यांतील ४८ निघाली. त्याच व्यक्तीने त्याच आठवड्यांत एका प्रकारात ९१ आणि दुसऱ्यात ३२ टक्के निपटारा केला आहे. टिपणी व मसुदा करण्याची क्षमता दोन्हींना सारखीच लागत असल्याने फरक वाचनात आहे. दुसरा प्रकार मुळातच किचकट असेल, ही शंका रास्त आहे. ती आदल्या वर्षीच्या नोंदीवरून तपासता येते. तेव्हाच्या कर्मचाऱ्याचा निपटारा दोन्ही प्रकारांत जवळपास सारखा असेल, तर शंका फिटते. दर्जाही पाहावा. अव्वल कारकुनाने दुरुस्तीसाठी परत पाठवलेले मसुदे १३० पैकी ६ आहेत आणि आधीच्या कर्मचाऱ्याचे २०५ पैकी १० होते, म्हणजे चुकांचे प्रमाण सारखेच आहे.

यानंतर कारण शोधायचे. अंध कर्मचारी एनव्हीडीएसारख्या मोफत वाचक प्रणालीने पडद्यावरचा मजकूर ऐकतो. स्कॅन केलेले पान हे चित्र असते, त्यामुळे त्यातून प्रणालीला काहीच वाचता येत नाही. जुन्या श्रीलिपी वा कृतिदेव टंकातील मसुद्यांची अडचण वेगळी असते. त्यांत देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असल्याने प्रणाली निरर्थक इंग्रजी अक्षरे बोलत राहते. हे ओळखायला सोपे आहे. मजकूर निवडून त्याचा टंक एरियल करावा. अक्षरे इंग्रजी दिसू लागली, तर फाइल युनिकोडमध्ये नाही.

उपाय तीन. छापील आवक ३०० डीपीआयवर स्कॅन करून मजकूर ओळखणाऱ्या प्रणालीतून काढावी. टेसरॅक्ट मोफत आहे आणि मराठीसाठी त्याची आज्ञा अशी :

```
tesseract arj.tif arj -l mar
```

त्यामुळे `arj.txt` ही वाचता येणारी फाइल तयार होते. नेहमी लागणारे जुने मसुदे एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत. बदलताना रफार व ऱ्हस्व वेलांटी जागा सोडतात, म्हणून ते एकदा डोळस सहकाऱ्याने तपासावेत. हस्तलिखित अर्जांवर यंत्राचा भरवसा नाही. ते वाचून दाखवण्यासाठी रोज सकाळी पाऊण तास एका कर्मचाऱ्याला लेखी आदेशाने नेमावे आणि तेवढे काम त्याच्या स्वतःच्या कार्यविवरणातही धरावे. तोंडी सांगितलेली मदत अतिवृष्टीच्या अनुदान याद्या सुरू झाल्या की पहिल्या आठवड्यातच बंद पडते.

यंत्राने काढलेल्या मजकुरात घ-ध, भ-म यांची गल्लत होते आणि अंकही चुकतात. म्हणून गट क्रमांक, रक्कम व तारीख मूळ कागदावरून वाचून घ्यावी. ही पडताळणी सोयीचाच भाग आहे. ती न पुरवता चुकीच्या गट क्रमांकाबद्दल ताशेरा ओढणे अन्यायाचे आहे.

सोय १ जुलैला चालू झाली असे धरू. जुलै सरावासाठी सोडावा. ऑगस्ट ते ऑक्टोबर या तिमाहीत २५२ पत्रे येऊन २२१ निकाली निघाली, म्हणजे ८८ टक्के. उरलेल्या ३१ पैकी १९ पत्रांसोबत नकाशे किंवा एकत्र केलेल्या रकान्यांचे तक्ते आहेत. नकाशा ऐकून वाचता येत नाही, त्यामुळे हा भाग दुसऱ्या टेबलाकडे देऊन तेवढीच दुसरी पत्रे इकडे घ्यावीत. नुसता भाग काढून घेतला तर कर्मचाऱ्याकडे हळूहळू काहीच काम उरत नाही आणि पुढे ‘अनुभव नाही’ हेच कारण पदोन्नतीच्या आड येते. उरलेली १२ पत्रे कर्मचाऱ्याची खरी प्रलंबितता आहे. तिच्याबद्दल इतर कोणालाही विचारावे तसे विचारावे.

पहिल्या तिमाहीतली ११० पत्रांची शिल्लक वेगळी ठेवावी. ती पुढे ओढली तर सोय नसतानाच्या दिवसांचे ओझे सोय मिळाल्यानंतरच्या आकड्यांवर पडते. वार्षिक अहवालात एप्रिल-जूनचे आकडे लिहावेत, पण ‘सोय उपलब्ध नव्हती’ या टीपेसह. प्रतवारी ऑगस्ट-मार्चवर ठरवावी.

शेऱ्यातील दोष. ‘अंध असूनही चांगले काम’ या शेऱ्यात कामाचे मोजमाप नाही. ‘सालस, प्रामाणिक, मदतीची गरज भासते’ हा त्याहून घातक, कारण त्यात कौतुकाच्या आडून सोय घेणे हाच उणेपणा ठरतो. ‘सोय चालू झाल्यानंतर आवकेच्या ८८ टक्के निपटारा, परत आलेले मसुदे शाखेच्या सरासरीइतके’ असा शेरा पुनर्विलोकन अधिकाऱ्याला तपासता येतो. दयेपोटी वाढवलेली प्रतवारीही नको. ती असली तर स्कॅनर व वाचनासाठीचा माणूस मागायला कार्यालयाकडे कारणच उरत नाही.

इतर क्षेत्रे व मर्यादा. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत कर्णबधिर यंत्रचालकाचे मोजमाप तुलनेने सरळ असते. पाळीतील नग, नाकारलेले नग आणि यंत्र बंद राहिल्याची मिनिटे आधीच नोंदलेली असतात. भोंग्याच्या जोडीला लुकलुकणारा दिवा लावला आहे का, एवढे त्या आकड्यांशेजारी लिहावे लागते. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने दिव्यांगांसाठीच्या सुविधा आपल्या समान संधी धोरणात नमूद करायच्या असतात, हे २०१७ च्या नियमांत आहे.

चढउतार असलेल्या मानसिक आजारात मात्र तिमाही सरासरी फसवी ठरते. तिथे चांगले व वाईट आठवडे वेगळे मांडून, औषधोपचाराच्या रजेचे दिवस हिशेबातून वगळावे लागतात.

दाद. प्रतिकूलच नव्हे, तर प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात (२००८) सांगितले. अंध कर्मचाऱ्याला तो स्कॅन केलेल्या प्रतीत देऊन भागत नाही, वाचता येणारी युनिकोड फाइल द्यावी लागते. अभिवेदनात तीन तारखा असाव्यात : सोय लेखी मागितल्याची, ती प्रत्यक्ष चालू झाल्याची आणि मध्येच बंद पडली असल्यास त्याची. शासकीय आस्थापनेत कलम २३ खालील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि तिथे निभावले नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाताना याच तीन तारखा आणि कार्यविवरणाच्या साक्षांकित प्रती सोबत जोडाव्यात.