मोहरीएवढं मेण आणि रेशमाचा एक धागा

होकायंत्राची गोष्ट चीनमध्ये सुरू होते. तिथे इसवी सनाच्या पहिल्या शतकात वांग छुंग या विचारवंताने एका चमच्याबद्दल लिहून ठेवलं आहे. तो टाकला की त्याची दांडी दक्षिणेकडे वळून थांबते. हा चमचा चुंबकदगडाचा होता, असं बरेच अभ्यासक मानतात. मात्र असा चमचा आजवर उत्खननात मिळालेला नाही. शिवाय दगड पाटावर घासत फिरणार, म्हणजे घर्षण आलंच. चुंबकाचा क्षीण ओढा त्यातच संपून जातो.

खरी मजल मारली ती सुईने. घर कुठे बांधावं, कबर कोणत्या दिशेला असावी हे सांगणाऱ्या जाणकारांना दिशा अचूक हवी असे. 1088च्या सुमारास शेन क्वो हा चिनी विद्वान लिहितो की, हे लोक सुईचं टोक चुंबकदगडावर घासतात आणि मग ती दक्षिण दाखवते. पुढे तो सुई ठेवायच्या तऱ्हा तपासतो. पाण्यावर तरंगवली तर ती डुलते. नखावर किंवा वाटीच्या काठावर ठेवली तर झटकन फिरते, पण घसरून पडते. त्याच्या मते उत्तम उपाय असा: नव्या रेशमाचा एकेरी तंतू घ्यायचा, मोहरीच्या दाण्याएवढ्या मेणाने तो सुईच्या मध्यावर चिकटवायचा आणि वारा नसेल तिथे ती टांगायची. यातलं भौतिकशास्त्र मला फार आवडतं. पिळाचा दोरा उलगडताना सुईला स्वतःच फिरवतो. एकेरी तंतूत तो पीळ जवळजवळ नसतो.

त्याच ठिकाणी शेन क्वोने आणखी एक गोष्ट टिपली. सुई नेमकी दक्षिणेला राहत नाही, किंचित पूर्वेला कलते. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवांशी जुळत नाहीत आणि चुंबकीय क्षेत्रही सगळीकडे सारखं नाही, म्हणून हा फरक पडतो. तो जागेप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतो. जमिनीवर कबरीची दिशा थोडी चुकली तर कुणाला कळणारही नाही. समुद्रात मात्र समजा 5 अंशांची चूक झाली, तर 100 किलोमीटर गेल्यावर जहाज ठरल्या मार्गापासून जवळजवळ 9 किलोमीटर बाजूला गेलेलं असतं.

जहाजावर सुई पोचायला फार काळ लागला नाही. जू यू हा लेखक 1119च्या सुमारास ग्वांगजौ या चिनी बंदरातल्या जहाजांबद्दल लिहितो: नावाडी रात्री तारे पाहतात, दिवसा सूर्य, आणि आभाळ भरून आलं की दक्षिण दाखवणारी सुई. म्हणजे सुरुवातीला ती आधाराला होती, डोळे आकाशाकडेच असत. 1123 मध्ये समुद्रमार्गे कोरियाला गेलेल्या चिनी शिष्टमंडळातल्या शू जिंगनेही ढगाळ वेळी तरंगती सुई वापरल्याची नोंद केली आहे.

शेन क्वोला डुलणारी म्हणून न आवडलेली तीच तऱ्हा इथे कामी आली. टांगलेली सुई हेलकाव्यांनी झोके घेत राहते. वाडग्यातलं पाणीही हिंदकळतं, पण जहाज कललं तरी ते पुन्हा सपाट व्हायला बघतं, आणि त्यावरची सुई आडवी राहून मोकळी फिरू शकते.